टोब्लरचे पदभ्रमण फल

चढ-उतारावरील चालण्याचा वेग काढण्याचे सूत्र. अमेरिकी भूगोलज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी ते 1993 मध्ये, एडुआर्ट इमहोफ या स्विस नकाशाकाराच्या आकड्यांवरून मांडले:

W = 6 · exp(−3.5 · |S + 0.05|)

W हा ताशी किलोमीटरमधला वेग. S म्हणजे उंचीतील फरक भागिले आडवे अंतर, उतारावर ऋण. सपाटीवर वेग सुमारे 5 येतो. सर्वाधिक वेग, 6, मात्र 5 टक्के उतारावर मिळतो. त्याहून तीव्र उतारावर पाय आवरावे लागतात आणि वेग पुन्हा घटतो.

दोन किलोमीटरांत 500 मीटर चढणाऱ्या वाटेवर S = 0.25. चढताना वेग 2.1, म्हणजे 57 मिनिटे. उतरताना सुमारे 3, म्हणजे 40 मिनिटे. ताशी 5 किलोमीटरचा सरधोपट हिशेब दोन्हीकडे 24 मिनिटेच सांगतो.

वाटेचा सरासरी चढ घेणे ही नेहमीची चूक. याच वाटेचा पहिला किलोमीटर सपाट आणि सगळी चढण दुसऱ्यात असेल, तर चढायला 80 मिनिटे लागतात. म्हणून वाटेचे तुकडे पाडून वेळांची बेरीज करावी. पायवाट नसल्यास वेग 0.6 ने गुणतात. थकवा, ओझे आणि विश्रांती सूत्रात नाहीत.