गुणपत्रकाच्या छायाचित्रावरून गुणतक्ता तयार करणे

'''गुणपत्रकाच्या छायाचित्रावरून गुणतक्ता तयार करणे''' म्हणजे वर्गाच्या हस्तलिखित एकत्रित गुणपत्रकाचे छायाचित्र पाहून त्यातील गुण संगणकावरील तक्त्यात उतरवणे होय. या तक्त्यात प्रत्येक विद्यार्थ्यास एक ओळ व प्रत्येक विषयास एक स्तंभ असतो. ठाणे जिल्ह्यातील बदलापूरसह महाराष्ट्रातील शाळांमध्ये वर्गशिक्षक गुणपत्रक हाताने भरतात आणि तेच गुण पुढे संगणकावर नोंदवावे लागतात, तेव्हा ही पद्धत उपयोगी पडते.

== गुणपत्रकाची रचना ==
राज्यात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यानुसार सातवीच्या विषयाचे १०० गुण आकारिक ४० व संकलित ६० असे विभागले गेले. त्यामुळे एका विषयाखाली आकारिक, संकलित, एकूण आणि श्रेणी असे चार उपस्तंभ येऊ शकतात. गुण उतरवण्यापूर्वी शीर्षके वाचून कोणता उपस्तंभ हवा आहे हे निश्चित करावे लागते. उरलेले उपस्तंभ पडताळणीस उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, ९१ ते १०० गुणांना अ-१ श्रेणी असते. म्हणून श्रेणी अ-१ असताना ‘९८’ हा आकडा ‘१८’ असा वाचला गेल्यास विसंगती लगेच दिसते.

== अंकांचे वाचन ==
छायाचित्रात पानाचे चारही कोपरे, शीर्षके आणि बेरजेची ओळ येणे आवश्यक असते. पान तिरके आले असल्यास ओळ डावीकडून उजवीकडे जाताना वर-खाली सरकते व शेजारच्या विद्यार्थ्याचे गुण उचलले जातात. म्हणून प्रथम हजेरी क्रमांक व नावे भरून घेतात आणि मगच गुण भरतात.

हस्ताक्षरात देवनागरी १ व ९ यांची गल्लत होते. एकाच पत्रकात देवनागरी व आंतरराष्ट्रीय अंक मिसळले असतील तर अडचण वाढते: देवनागरी १ हा आंतरराष्ट्रीय नऊसारखा, ४ हा आठसारखा आणि ५ हा चारसारखा दिसू शकतो. संशयित अंक ठरवण्यासाठी त्याच हस्ताक्षरातील हजेरी क्रमांकांचा स्तंभ उत्तम नमुना ठरतो, कारण तेथे प्रत्येक अंकाचे मूल्य आधीच ठाऊक असते.

== बेरजांनी पडताळणी ==
पत्रकावर लिहिलेली आडवी बेरीज तक्त्यात स्वतंत्र स्तंभात जशीच्या तशी उतरवतात व संगणकाने केलेल्या बेरजेशी ताडून पाहतात. गुण C ते E स्तंभांत आणि लिखित बेरीज F स्तंभात असल्यास फरक असा काढता येतो:

```
=SUM(C2:E2)-F2
```

उभ्या बेरजांसाठीही हीच रीत वापरतात. पुढील काल्पनिक उदाहरणात तीन विद्यार्थी व तीन विषय आहेत. बेरजा मूळ पत्रकावरील असून क्रमांक २ चे हिंदीचे गुण चुकीने ७९ असे भरले आहेत.

| क्रमांक | मराठी | हिंदी | गणित | लिखित बेरीज |
|---|---|---|---|---|
| १ | ७२ | ६५ | ५१ | १८८ |
| २ | ६८ | ७९ | ४४ | १८३ |
| ३ | ८१ | ५९ | ६३ | २०३ |
| लिखित बेरीज | २२१ | १९५ | १५८ | ५७४ |

दुसऱ्या ओळीची बेरीज १९१ येते, म्हणजे ८ ने अधिक. हिंदीच्या स्तंभाची बेरीज २०३ येते, म्हणजे तीही ८ ने अधिक. दोन्ही फरक जेथे छेदतात तोच चुकीचा चौकोन होय. आठाचा फरक एकक स्थानी १ ऐवजी ९ वाचल्याचे सुचवतो. मूळ गुण ७१ असल्याचे छायाचित्र मोठे करून खात्री करता येते.

ओळीत फरक आहे, पण सर्व स्तंभ जुळतात, असे झाल्यास बहुधा मूळ पत्रकावरील आडवी बेरीजच चुकलेली असते. अशी चूक परस्पर दुरुस्त न करता वर्गशिक्षकांना दाखवतात. दोन ओळींत समान परंतु विरुद्ध फरक असेल आणि स्तंभ जुळत असतील, तर एकाच विषयातील त्या दोन विद्यार्थ्यांच्या गुणांची अदलाबदल झाल्याची शक्यता असते.

== मर्यादा ==
गैरहजेरीच्या जागी शून्य भरल्यास बेरीज बदलत नाही, त्यामुळे ही चूक वरील पडताळणीत सापडत नाही. ४० पैकी २ विद्यार्थी गैरहजर असून विषयाची बेरीज २२८० असेल, तर खरी सरासरी ६० असते. दोन शून्ये धरल्यास ती ५७ होते. म्हणून गैरहजर विद्यार्थ्यापुढे ‘गैरहजर’ असेच लिहितात आणि प्रत्येक विषयातील संख्यांची मोजणी परीक्षा दिलेल्यांच्या संख्येशी जुळवतात. खाडाखोड केलेला किंवा वाचता न येणारा आकडा बेरजेवरून ताडून भरण्याऐवजी चौकोन रिकामा ठेवून मूळ कागदावरून निश्चित केला जातो. बेरजेवरून काढलेला गुण बेरजेशी जुळणारच, त्यामुळे त्याची पडताळणी होत नाही.