उष्णतारोधक टोकांची सळई आणि कायमचा उष्णतास्रोत

बाजू आणि दोन्ही टोके उष्णतारोधक आवरणाने बंद केलेल्या सळईत एक स्रोत सतत उष्णता निर्माण करत असेल, तर तिचे तापमान u(x,t) पुढील आंशिक अवकल समीकरण पाळते:

u_t = k u_xx + Q(x), 0 < x < L
u_x(0,t) = u_x(L,t) = 0, u(x,0) = f(x)

येथे k हा पदार्थाचा उष्णता-विसरण गुणांक आहे. Q(x) म्हणजे एकक घनफळात दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता, घनता व विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागलेली. Q जागेनुसार बदलतो, काळानुसार नाही. टोकांशी तापमानाचा उतार शून्य असतो, कारण तेथून उष्णता आत किंवा बाहेर जात नाही.

अशा प्रश्नात प्रथम स्थिर अवस्था w(x) शोधून ती u मधून वजा करण्याची रीत आहे. उरलेला भाग स्रोतरहित समीकरण पाळतो आणि त्याची फूर्ये श्रेढी मांडता येते. टोकांची तापमाने ठरवून दिलेली असतील, तर ही रीत विनासायास चालते. येथे मात्र ती पहिल्याच पायरीवर अडते. k w″ = −Q याचे 0 पासून L पर्यंत समाकलन केले, की डावी बाजू k[w′(L) − w′(0)], म्हणजे शून्य होते. त्यामुळे Q चा समाकलही शून्य असावा लागतो. तो शून्य नसेल, तर स्थिर अवस्था अस्तित्वातच नसते. भौतिकीच्या दृष्टीने हे उघड आहे: आत येणाऱ्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही, तेव्हा सळई तापतच जाणार. w′(0) = 0 धरून सोडवत गेल्यावर w′(L) शून्य येत नाही, तेव्हा विद्यार्थी आकडेमोडीतली चूक शोधत बसतात. चूक आकडेमोडीत नसते, स्थिर अवस्था आहे या गृहीतकात असते.

यावरचा उपाय म्हणजे स्रोताची सरासरी वेगळी काढणे. Q ची सळईवरील सरासरी q मानून

u = qt + w(x) + v(x,t)

असे लिहावे. आता k w″ = q − Q. उजव्या बाजूचा समाकल शून्य असल्याने w मिळते, पण एका स्थिरांकाची मोकळीक राहते. w ची सरासरी शून्य घेऊन तो स्थिरांक ठरवणे सर्वांत सोयीचे. उरलेले v हे v_t = k v_xx पाळते. त्याची टोके उष्णतारोधकच राहतात आणि आरंभीचे मूल्य f − w असते.

या सीमा-अटींची आयगेन फलने cos(nπx/L) ही आहेत, n = 0, 1, 2, … . आयगेन मूल्ये (nπ/L)². n = 0 चे फलन म्हणजे स्थिरांक 1, आणि त्याचे आयगेन मूल्य शून्य. सगळी अडचण या एका पदातून येते. वजाबाकी न करता u ची थेट कोसाइन श्रेढी मांडली, तर प्रत्येक सहगुणक a_n′ + k(nπ/L)²a_n = Q_n पाळतो. n ≥ 1 असताना तो स्थिरावतो. n = 0 असताना मात्र a_0′ = q एवढेच उरते आणि a_0 हा काळाच्या प्रमाणात वाढत जातो. साइन श्रेढी घेणे किंवा शून्यावे पद गाळणे म्हणजे सळईची एकूण उष्णताच हरवणे होय.

उदाहरणार्थ L = 1, k = 1, Q = x, f = 0 घेऊ. तेव्हा q = 1/2 आणि w″ = 1/2 − x. त्यावरून w′ = x/2 − x²/2, जो दोन्ही टोकांशी शून्य आहे, आणि

w = x²/4 − x³/6 − 1/24

−w ची कोसाइन श्रेढी काढताना दोनदा खंडशः समाकलन करावे. सीमेवरची पदे गळतात आणि फक्त विषम n उरतात:

u = t/2 + w(x) + (4/π⁴) Σ (1/n⁴) e^(−n²π²t) cos nπx, n = 1, 3, 5, …

उत्तराच्या दोन तपासण्या कराव्यात. सळईवरील u ची सरासरी प्रत्येक क्षणी t/2 यायला हवी, आणि ती येते, कारण w व कोसाइन पदांची सरासरी शून्य आहे. दुसरे म्हणजे t = 0, x = 0 येथे u शून्य यायला हवे. विषम n साठी Σ 1/n⁴ = π⁴/96, त्यामुळे श्रेढीचे मूल्य 1/24 येते आणि w(0) = −1/24 ला ते बरोबर खोडते.

श्रेढीचे दुसरे पद पहिल्याच्या फक्त 1/81 पट असल्याने व्यवहारात एक पद पुरते. t = 0.3 पर्यंत तेही आरंभीच्या सुमारे 5 टक्क्यांवर येते. त्यानंतर सगळी सळई सारख्याच वेगाने तापते, पण तिच्यावरील तापमान सारखे होत नाही: उजवे टोक डाव्यापेक्षा 1/12 ने कायम अधिक तप्त राहते. प्रत्यक्षातील कालमान L²/(π²k) या राशीवरून कळते. तांब्यासाठी k सुमारे 1.1 × 10⁻⁴ चौ. मी. प्रति सेकंद आहे, म्हणून एक मीटर सळईसाठी ते सुमारे १५ मिनिटे येते.

अमर्याद वाढ हे परिपूर्ण रोधनाचे फळ आहे. खरे आवरण थोडी उष्णता गळू देते. बाजूंतून होणारी ही गळती समीकरणात −hu या पदाने दाखवली (h > 0, भोवतालचे तापमान शून्य), तर शून्य आयगेन मूल्याच्या जागी h येतो, स्थिर अवस्था पुन्हा मिळते आणि तिचे सरासरी तापमान q/h असते.