मर्मर कुठला आणि केव्हाचा? लाएनेकपासून ऑस्टिन फ्लिंटपर्यंत

मागच्या व्याख्यानात आपण लाएनेकच्या नळीपर्यंत येऊन थांबलो होतो. 1816 साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात त्याने कागदाची सुरळी करून ती रुग्णाच्या छातीला लावली, पुढे लाकडी नळी आली, 1819 मध्ये ग्रंथ आला. आज आपल्याला त्याच्या पुढचा प्रश्न घ्यायचा आहे. छातीतला आवाज ऐकू तर आला, पण तो कुठल्या झडपेचा, हे ठरवायचं कसं? हे ठरायला जवळजवळ अर्धं शतक लागलं, आणि ठरलं असं वाटत असतानाच एका अमेरिकन डॉक्टरने त्यात खोडा घातला. ती गोष्ट आज पाहू.

आधी पाया पक्का करू. हृदयाचे दोन आवाज आपण ऐकतो, लब आणि डब. लाएनेकने पहिला आवाज निलय म्हणजे खालचा कप्पा आकुंचन पावतो त्याचा, असं बरोबर सांगितलं. पण दुसरा आवाज त्याने अलिंदाच्या, वरच्या कप्प्याच्या आकुंचनाचा मानला. चूक एवढीशी, पण परिणाम बघा. दुसऱ्या आवाजाला लागून फुसफुस ऐकू आली, तर या हिशेबाने ती अलिंदातून निलयात जाणाऱ्या रक्ताची ठरते, म्हणजे दोष मिट्रल झडपेत. प्रत्यक्षात ती महाधमनीच्या झडपेची गळती असू शकते. घड्याळच चुकीचं लागलं तर गाडी कुठली हे कसं कळणार?

घड्याळ दुरुस्त झालं ते 1830 च्या दशकात. पॅरिसमध्ये रुआने याने 1832 मध्ये मांडलं की हे आवाज झडपा मिटण्याचे आहेत. लंडनच्या जेम्स होप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गाढवांवर प्रयोग केले. हृदय उघडं करून महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या झडपा आकड्याने अडकवून धरल्या, की दुसरा आवाज नाहीसा व्हायचा आणि त्याच्या जागी फुसफुस यायची. आकडा काढला की आवाज परत. म्हणजे दुसरा आवाज या दोन झडपा मिटण्याचा, आणि त्या मिटल्या नाहीत तर जी गळती होते तिचा मर्मर तिथूनच सुरू होतो. त्याच 1832 मध्ये डब्लिनच्या कॉरिगनने महाधमनीच्या गळतीचं वर्णन छापलं. नाडी जोरात उसळते आणि लगेच कोसळते, तीच ही नाडी.

आता तर्क सोपा होतो. निलय आकुंचन पावतो तेव्हा, म्हणजे लब आणि डबच्या मधे, महाधमनीची झडप उघडी आणि मिट्रल बंद असायला हवी. या वेळात मर्मर आला तर एक तर महाधमनीची झडप नीट उघडत नाही, किंवा मिट्रल नीट मिटत नाही. डबनंतर पुढच्या लबपर्यंत उलटं असतं. तेव्हा मर्मर आला तर महाधमनीची झडप गळते आहे किंवा मिट्रल अरुंद आहे. वेळेने चारांतले दोन उरतात; त्या दोनांतून एक निवडायला जागा लागते. आकुंचनाच्या वेळचा, उजवीकडे दुसऱ्या फासळीच्या फटीत मोठा आणि मानेकडे जाणारा मर्मर महाधमनी अरुंद असल्याचा. टोकाशी मोठा आणि काखेकडे जाणारा मिट्रल गळतीचा. गळणाऱ्या महाधमनीचा श्वासासारखा मऊ मर्मर छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, रुग्णाला पुढे वाकवून, श्वास सोडून थांबवल्यावर मिळतो. अरुंद मिट्रलची घरघर टोकाशी, डाव्या कुशीवर झोपवून, नळी हलकी ठेवून. आणि वेळ ठरवताना हात मानेच्या नाडीवर हवा. मनगटाची नाडी उशिरा पोचते, ती फसवते.

मिट्रल अरुंद असताना ही घरघर लबच्या अगदी आधी वाढते, कारण अलिंद शेवटचं रक्त ढकलतं. फ्रान्समध्ये फोव्हेलने 1843 मध्ये हे नोंदवलं. त्यानंतर हा लबच्या आधीचा मर्मर म्हणजे मिट्रल अरुंद असल्याची खूण, अशी समजूत घट्ट होत गेली.

इथे येतो ऑस्टिन फ्लिंट. 1862 मध्ये त्याने असे रुग्ण मांडले ज्यांच्या टोकाशी नेमका हाच मर्मर होता. मृत्यूनंतर शवविच्छेदन झालं, तर मिट्रल झडप निरोगी, आणि गळत होती ती महाधमनीची झडप! फ्लिंटचं स्पष्टीकरण असं. गळतीचं रक्त मागे येऊन निलय आधीच भरून टाकतं, त्यामुळे मिट्रलच्या पाकळ्या वर तरंगत जवळ येतात. मग अलिंद रक्त ढकलतं ते त्या फटीतून जातं आणि पाकळ्या थरथरतात. झडप चांगली असूनही काही क्षण अरुंद असल्यासारखी वागते. या कारणमीमांसेवर पुढेही वाद झाले, पण निरीक्षण टिकलं. त्या मर्मराला आज फ्लिंटचंच नाव आहे.

एक नमुना रुग्ण घेऊन बघू. चाळिशीचा माणूस, चालताना दम लागतो. रक्तदाब 160 वर 50. मानेच्या नाड्या डोळ्यांना उडताना दिसतात. हाडाच्या डाव्या कडेला डबनंतर लगेच मऊ मर्मर, टोकाशी घरघर. मग दोन्ही झडपा बिघडल्या का? तीन गोष्टी बघायच्या. एक, लब. मिट्रल अरुंद पण अजून लवचीक असेल तर तो टणक, मोठा येतो. इथे तो मंद आहे. दोन, डबनंतर लगेच येणारा झडप उघडल्याचा ‘टक्’ आवाज. अरुंद मिट्रलमध्ये तो मिळतो, इथे नाही. तीन, टोकाचा ठोका. नुसती मिट्रल अरुंद असेल तर डावा निलय मोठा होत नाही, ठोका जागेवर असतो. इथे तो खाली आणि डावीकडे सरकलेला, जोरकस आहे. तिन्ही उत्तरं एकाच बाजूला जातात. दोष महाधमनीच्या झडपेत, टोकाची घरघर फ्लिंटची.

यात पणाला काय लागतं? 1948 पासून अरुंद मिट्रल बोटाने किंवा सुरीने उघडण्याच्या शस्त्रक्रिया रुळल्या. तेव्हा या दोन घरघरींत गल्लत म्हणजे चांगली झडप फाडणं आणि गळकी तशीच ठेवणं.

आपल्याकडे मात्र एक अडचण आहे. फ्लिंटचे रुग्ण एका झडपेचे होते. आपल्या वॉर्डांत संधिवाती तापाने एकाच माणसाची मिट्रल अरुंद आणि महाधमनी गळकी, असं सर्रास दिसतं. शिवाय झडपेवर चुना चढला की लब मंद होतो आणि तो ‘टक्’ही जातो, म्हणजे आपल्या तीन खुणांतल्या दोन गळून पडतात. अशा वेळी कानाने शंका घ्यायची आणि निकाल इकोवर सोडायचा. इकोमध्ये मिट्रलच्या पाकळ्या मोकळ्या उघडतात की कडांना चिकटलेल्या आहेत, हे समोर दिसतं. फ्लिंटला जे शवविच्छेदनाच्या टेबलावर बघावं लागलं, ते आपण रुग्ण जिवंत असताना बघतो.