सर्किट डायग्राम बरोबर, तरी बोर्ड का चालत नाही? नव्या इंजिनिअरला एक पत्र



पहिल्या नोकरीत कधीतरी असं होणारच. स्कीमॅटिक तीन वेळा तपासलेलं असतं, सॉफ्टवेअर एकही चूक दाखवत नाही, मल्टीमीटर सगळीकडे बीप देतो. आणि तरीही बोर्ड मध्येच वेड्यासारखा वागतो. अशा वेळी एकच प्रश्न विचारा: करंट परत कुठून येतोय?

स्कीमॅटिक काय लपवतं?

स्कीमॅटिकवर ग्राउंडचं चिन्ह वीस ठिकाणी असतं आणि ती सगळी ठिकाणं म्हणजे एकच बिंदू, असं आपण धरून चालतो. पीसीबीवर मात्र ग्राउंड म्हणजे तांब्याचा पत्रा. सिग्नलच्या ट्रेसमधून जेवढा करंट जातो, तेवढाच या पत्र्यातून परत येतो. त्याची वाट स्कीमॅटिकवर कुठेच काढलेली नसते.

करंट कोणती वाट निवडतो?

डीसी किंवा मंद सिग्नलचा करंट सर्वात कमी रेझिस्टन्सची वाट धरतो आणि पत्र्यावर पसरून येतो. पण साधारण काही शे किलोहर्ट्झच्या पुढे इंडक्टन्स महत्त्वाचा ठरतो. जाणारा आणि येणारा करंट जितके जवळ, तितका इंडक्टन्स कमी. म्हणून वेगवान सिग्नलचा परतीचा करंट ट्रेसच्या बरोबर खालून, त्याच्या सावलीसारखा येतो. ट्रेस वळला की तोही वळतो.

मग बिघडतं कुठे?

समजा, दोन लेयरचा बोर्ड आहे. वर मायक्रोकंट्रोलरपासून डिस्प्लेपर्यंत आठ डेटा लाइन आणि एक WR लाइन, खाली पूर्ण ग्राउंड. राउटिंग करताना एका पॉवर ट्रेसला वर जागा मिळाली नाही, म्हणून तो खालून आडवा नेला. ग्राउंडमध्ये तीन सेंटिमीटरची चीर पडली आणि नऊही लाइन तिच्यावरून जातात.

आता परतीच्या करंटची सावली तुटली. त्याला चिरेच्या टोकापर्यंत वळसा घालावा लागतो. या वळशाने 10 नॅनोहेन्री इंडक्टन्स वाढला असं धरू. एका लाइनचा करंट 1 नॅनोसेकंदात 20 मिलिअँपिअरने बदलत असेल, तर

V = L × di/dt = 10 nH × 20 mA / 1 ns = 0.2 V

हे 3.3 व्होल्टच्या लॉजिकला पचतं. पण आठही लाइन एकदम बदलल्या आणि सगळ्यांचा करंट त्याच वळशाने आला, तर हे 1.6 व्होल्ट होतात. म्हणजे क्षणभर डिस्प्लेचं ग्राउंड आणि मायक्रोकंट्रोलरचं ग्राउंड यांच्यात 1.6 व्होल्टचा फरक.

डेटा FF वरून 00 होताना डिस्प्लेकडचं ग्राउंड खाली जातं. तेव्हा WR लाइन शून्यावर असली, तरी डिस्प्लेला ती 1.6 व्होल्टवर दिसते. साधारण 1 व्होल्टच्या वर ‘शून्य’ची खात्री राहत नाही. डिस्प्ले एक जास्तीचा बाइट लिहून घेतो. पांढऱ्यानंतर काळं आलं की चित्र सरकतं. कोड बरोबर, स्कीमॅटिकही बरोबर.

हाच दोष आहे, हे कसं ओळखायचं?

पहिली खूण: चूक डेटावर अवलंबून असते. सगळे बिट एकदम बदलले की येते, एक-दोन बदलले तर येत नाही.

दुसरी खूण अनेकांना चकवते. क्लॉक मंद केला तरी चूक जात नाही. कारण प्रश्न सेकंदाला किती वेळा बदल होतो हा नाही, एकेक बदल किती झटकन होतो हा आहे. उलट, प्रत्येक डेटा लाइनला मायक्रोकंट्रोलरजवळ 33 ओहमचा रेझिस्टर जोडला की बदल सौम्य होतो आणि चूक कमी होते.

खात्रीसाठी चिरेच्या दोन्ही काठांवरचा हिरवा थर खरवडा. पॉवर ट्रेसवर इन्सुलेशन टेप लावून त्यावरून, लाइनच्या बरोबर खाली, तांब्याची पट्टी सोल्डर करा. चूक गेली तर कारण सापडलं. ऑसिलोस्कोपने बघताना प्रोबची लांब ग्राउंड क्लिप वापरू नका. ती स्वतःच मोठा लूप बनते आणि नसलेला नॉइज दाखवते. छोटी स्प्रिंग वापरा.

मल्टीमीटर इथे कामाचा नाही. तो डीसी मोजतो आणि डीसीसाठी तो वळसा जवळजवळ शून्य ओहमच असतो.

पुढच्या बोर्डवर काय करायचं?

वेगवान लाइनखालचं ग्राउंड अखंड ठेवा. खालून ट्रेस न्यावाच लागला तर तो आखूड ठेवा आणि वेगवान लाइनपासून दूर न्या. जागाच नसेल तर चार लेयर घ्या, एक पूर्ण लेयर ग्राउंडला द्या. सिग्नल एका ग्राउंड लेयरवरून दुसऱ्यावर जात असेल, तर त्याच्या व्हायाशेजारी ग्राउंडचाही व्हाया हवा, नाहीतर परतीचा करंट तिथेच अडकतो.

आणि बोर्ड बनवायला पाठवण्यापूर्वी स्क्रीनवर फक्त ग्राउंड लेयर चालू ठेवा. प्रत्येक वेगवान लाइनखाली बोट फिरवत परत या. बोट जिथे अडेल, तिथे करंटही अडणार आहे.