तीन वर्षांत ८० लाख : जपानच्या ‘दांकाई’ पिढीची गोष्ट

१/ दुसरे महायुद्ध संपल्यावर साठ लाखांहून अधिक जपानी सैनिक व नागरिक मायदेशी परतले. लांबलेली लग्ने झाली, ताटातूट झालेली कुटुंबे एकत्र आली आणि १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत जपानमध्ये सुमारे ८० लाख मुले जन्मली. या पिढीला आयुष्यभर प्रत्येक दारात गर्दीच का भेटली, याचा हा मागोवा.

२/ हा ओघ लवकरच आटला. १९४९ मध्ये आर्थिक कारणास्तव गर्भपाताला कायद्याने मुभा मिळाली. लहान कुटुंबाकडेही कल वाढला. १९४९ मध्ये सुमारे २७ लाख जन्म झाले होते, १९५७ मध्ये १६ लाखांहूनही कमी. लेखक साकाइया ताइची यांनी १९७६ मध्ये आपल्या कादंबरीतून या पिढीला ‘दांकाई’, म्हणजे एकत्र घट्ट झालेला गोळा, हे नाव दिले.

३/ येथे मुख्य प्रश्न एकूण लोकसंख्येचा नाही. दरवर्षी २७ लाख मुले जन्मत राहिली असती, तर शाळा आणि घरेही त्या मानाने उभी राहिली असती. अडचण होते ती शेजारच्या वर्षांतील फरकामुळे. वर्ग, जागा आणि घरे आधीच्या लहान पिढीच्या मापाने बांधलेली असतात. मोठी पिढी मात्र एका वर्षात दाराशी येऊन ठेपते.

४/ १९५४ पासून ही मुले प्राथमिक शाळेत दाखल झाली. एका वर्गात पन्नासहून अधिक मुले बसू लागली. काही ठिकाणी शाळा दोन पाळ्यांत भरली. नवे वर्ग बांधावेत तरी पेच होताच. काही वर्षांनी लाट पुढे सरकणार आणि खोल्या ओस पडणार, हे जन्मनोंदींतून दिसत होते. म्हणून पुरवठा नेहमीच मागणीच्या मागे राहिला.

५/ खरी कसोटी विद्यापीठाच्या दारात लागली. जपानमधील अठरा वर्षांच्या मुलांची संख्या १९६५ मध्ये सुमारे १९.५ लाख होती. १९६६ मध्ये ती सुमारे २५ लाख झाली. एका वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या दोन भावांपैकी धाकट्यासमोर पाच लाखांहून अधिक जादा समवयस्क उभे होते. त्यातच आदल्या वर्षी नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसणारे ‘रोनिन’ मिसळले. उच्च शिक्षणाची ओढही वाढत असल्याने चुरस दुहेरी झाली.

६/ खासगी विद्यापीठांनी जागा वाढवल्या, पण शिक्षक आणि सोयी त्या वेगाने वाढल्या नाहीत. खचाखच भरलेली व्याख्याने व वाढते शुल्क यांचा असंतोष १९६८-६९ च्या विद्यार्थी आंदोलनांत मिसळला. राजकीय कारणेही मोठी होती. गर्दी हे त्यांतील एक. १९६९ मध्ये तोक्यो विद्यापीठाला प्रवेश परीक्षाच रद्द करावी लागली.

७/ नोकरीत मात्र चित्र उलटे दिसले. उद्योगांची भरभराट इतकी होती की १९६५ च्या सुमारास शालेय शिक्षण संपवून आलेल्या एका उमेदवारामागे तीनहून अधिक जागा होत्या. या मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हटले जाई. पिढी मोठी होती, पण मागणी तिच्याहून मोठी होती.

८/ १९७२ मध्ये जपानमध्ये सुमारे ११ लाख विवाह झाले. दांकाई पिढी विशीच्या मध्यावर आली होती. सर्वांना एकाच वेळी घर हवे होते. सार्वजनिक वसाहतींतील घरांसाठी सोडत निघे. नेमक्या त्याच काळात जमिनीचे भाव भडकले. शहरातली जमीन वर्ग-खोलीसारखी वाढवता येत नाही, म्हणून अनेकांनी घरे लांबच्या उपनगरांत घेतली आणि रोजचा रेल्वेप्रवास पत्करला.

९/ पुढे कंपन्यांत ज्येष्ठतेने बढती देण्याची पद्धत आड आली. कनिष्ठ जागा कितीही भरता येतात. विभागप्रमुख मात्र एकच असतो. चाळिशीत आलेल्या या पिढीतील अनेकांना हाताखाली माणसे नसलेली, केवळ नावापुरती पदे मिळाली.

१०/ या पिढीच्या मुलांनी दुसरी लाट आणली. १९७१ ते १९७४ या काळात दरवर्षी २० लाखांहून अधिक जन्म झाले. ही मुले पदवी घेऊन बाहेर पडली तेव्हा जमीन आणि शेअरबाजाराचा फुगा फुटलेला होता आणि कंपन्यांनी भरती आखडती घेतली होती. अनेकांच्या वाट्याला दीर्घकाळ कंत्राटी कामच आले.

११/ आईवडिलांची पिढी संख्येने मोठी होती, तरी नोकरीच्या दाराशी ती भरभराटीच्या काळात पोहोचली. मुलांची पिढी तिच्याहून लहान असूनही मंदीत सापडली. मोठ्या पिढीला रांग हमखास लांब मिळते. पण त्या रांगेतून किती जण आत जातील, हे ठरते ती दारात पोहोचते त्या वर्षी आत किती जागा आहेत यावर.