कार्यकक्षापत्र (सल्लागाराचे)

सल्लागाराने काय करायचे, कुठे थांबायचे आणि शेवटी काय हातात द्यायचे, हे नेमणुकीआधी ठरवणारा दस्तऐवज. सरकारी बोलण्यात याला ‘टीओआर’ म्हणतात. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार (2017) त्यात उद्दिष्ट, कामांची रूपरेषा, वेळापत्रक, नेमणाऱ्याने करायची मदत आणि अखेरचे फलित एवढे असावे लागते. यांपैकी उद्दिष्ट लिहिणे सर्वांत अवघड असते. ते ढिले राहिले, की बाकीचे चारही भाग ढिले पडतात.

तलासरी तालुक्यातील वेवजीचे उदाहरण घेता येईल. हे गाव आणि गुजरातच्या उंबरगाव तालुक्यातील सोळसुंबा यांच्यामधल्या हद्दीवरून वाद आहे. 1960 साली मुंबई राज्याचे विभाजन करताना पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यातील कोणती गावे गुजरातेत जाणार, त्यांची यादीच कायद्याला जोडली होती. त्यामुळे इथली राज्यसीमा म्हणजे मुळात गावांची शीव, आणि तिचा पुरावा गावनकाशे, गटांचे अभिलेख व जमिनीवरच्या खुणा यांतच शोधावा लागतो.

समजा, ग्रामपंचायतीला या शिवेबाबत एका खासगी भूमापन सल्लागाराकडून अहवाल हवा आहे. पहिल्या मसुद्यात सहज लिहिले जाते : ‘वेवजीची हद्द निश्चित करणे.’ हे वाक्य घातक आहे. हद्द निश्चित करण्याचा अधिकार सल्लागाराला नाही आणि एकट्या ग्रामपंचायतीलाही नाही. दोन्ही राज्यांच्या शासकीय यंत्रणांनी संयुक्त मोजणी करून ती मान्य करावी लागते. म्हणून उद्दिष्ट असे लिहावे : ‘उपलब्ध अभिलेखांतील शीव आणि आजच्या जागेवरील रस्ते, दिवे, घरे व वहिवाट यांत कुठे किती फरक आहे, तो संयुक्त मोजणीची मागणी करण्यासाठी दाखवणे.’ कामाचा आवाका या एका वाक्याने बदलतो. सल्लागार फरक दाखवतो, निवाडा देत नाही. कार्यकक्षापत्रात हे ‘कामात समाविष्ट नाही’ अशा वेगळ्या मथळ्याखाली पुन्हा लिहावे; गावात अहवालाचा अर्थ काय लावला जाईल, ते त्यावर अवलंबून असते.

क्षेत्र सांगताना ‘गावाच्या सीमेलगतचा भाग’ असे लिहून भागत नाही. वेवजीच्या बाजूचे गट क्रमांक आणि रस्त्याचा कुठून कुठपर्यंतचा भाग, हे नमूद करावे. पलीकडच्या बाजूला परवानगीशिवाय मोजणी करायची नाही, गुजराती अभिलेख कोणी मिळवायचे आणि वाचायचे, हेही आधीच ठरवावे. नाहीतर महिनाभराने सल्लागार म्हणतो, तिकडचा नकाशा तुम्ही देणार होतात.

अचूकतेची अट लिहिताना विशेष जपावे. उपग्रहाधारित यंत्र खांबाचे स्थान काही सेंटिमीटरांपर्यंत सांगू शकते. पण जुना नकाशा 1:8000 मापाचा असला, तर त्यावरील अर्ध्या मिलिमीटरची रेघच जमिनीवर 4 मीटर जागा व्यापते. अशा नकाशावर शीव सेंटिमीटरमध्ये दाखवणारा अहवाल नेटका दिसतो, पण खोटी खात्री देतो. म्हणून प्रत्येक बिंदूपुढे मोजणीतील चूक आणि मूळ नकाशातील चूक वेगवेगळी लिहावी, तसेच कोणत्या खुणांवरून नकाशा जमिनीला जुळवला, ते सांगावे, अशी अट घालावी. खुणा सापडल्या नाहीत, तर ‘सापडल्या नाहीत’ हाही मान्य निष्कर्ष आहे, असे स्पष्ट लिहिलेले बरे. त्याशिवाय सल्लागार अंदाजाने रेघ ओढतो.

पावसाळ्यात भातशेती उभी असते आणि झुडपांत दगड दिसत नाहीत. म्हणून जागेवरचे काम भातकापणीनंतर ठेवावे आणि अभिलेख तपासण्याचे काम त्याआधी उरकावे. तालुका भूमी अभिलेख कार्यालयातून नकला काढायला लागणारे पत्र व शुल्क ग्रामपंचायतीने द्यायचे असेल, तर त्यालाही तारीख घालावी. अहवाल मराठीत हवा. तलासरी तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तेव्हा ग्रामसभेत नकाशा लावून समजावून सांगणे हे फलितांच्या यादीतच घालावे, सौजन्यावर सोडू नये.

मानधनाचे हप्ते दिवसांना बांधू नयेत. प्रारंभिक अहवालावर 20 टक्के, मसुद्यावर 40 टक्के आणि त्रुटी दुरुस्त झाल्यावर उरलेले 40 टक्के, अशी विभागणी चालते. मसुदा कोण तपासणार आणि किती दिवसांत हरकती कळवणार, हे मात्र लिहिलेले हवे, कारण अनेक बिले इथेच अडकतात. मोजणीची कच्ची माहिती, छायाचित्रे आणि संगणकीय नकाशे ग्रामपंचायतीच्या मालकीचे राहतील, असेही नमूद करावे. पुढे संयुक्त मोजणी झाली, तर शासकीय भूमापकाला नुसता छापील अहवाल पुरत नाही. काम सुरू झाल्यावर एखादा गट वाढवायचा ठरला, तर तोंडी न सांगता वाढीव दिवस आणि रकमेसह लेखी पुरवणी काढावी.