साडेतीन मिलिमीटर

बेळ्ळंदूरहून होसूर तासाभराच्या वाटेवर आहे, आउटर रिंग रोडची मेहेरबानी असेल तर. या बाजूला कर्नाटक संपतो, पलीकडे तामिळनाडू सुरू होतो, आणि हद्द ओलांडताच टायटनचा कारखाना लागतो. २००२ साली तिथून बाहेर पडलेलं 'एज' हे घड्याळ एकूण ३.५ मिमी जाड होतं आणि त्याच्या आतलं यंत्र अवघं १.१५ मिमी. बाजारात सर्वांत जास्त खपणारा घड्याळाचा सेल घ्या, ज्यावर ६२६ लिहिलेलं असतं. तो एकटाच २.६ मिमी जाड असतो. म्हणजे एका साध्या सेलच्या निम्म्याहून कमी उंचीत होसूरच्या लोकांनी सेल, मोटर, चक्रं आणि क्वार्ट्झचा स्फटिक असं सगळं बसवलं होतं.

मराठीत 'पातळ' आणि 'सडपातळ' यांत फरक आहे. ताक पातळ होतं, माणूस सडपातळ असतो. घड्याळाच्या बाबतीत मात्र दोन्ही शब्द फसवतात, कारण ही घड्याळं आधी जाड असून मग बारीक केलेली नसतात. सगळे भाग सारख्या प्रमाणात लहान केले तर घड्याळ लहान होतं, चपटं होत नाही. चपटं करायचं तर मजलेच कमी करावे लागतात.

ही युक्ती अठराव्या शतकातली. तोवर खिशातलं घड्याळ म्हणजे दोन जाड पत्रे, त्यांच्यामध्ये खांब, आणि आत शंकूवर गुंडाळलेली साखळी. पॅरिसच्या झाँ-आंत्वान लेपीननं वरचा अख्खा पत्रा काढून टाकला. प्रत्येक चाकाला धरायला एक स्वतंत्र पट्टी दिली, आणि साखळीही रद्द केली. आता चाकं एकमेकांवर न रचता शेजारी शेजारी मांडता आली. पुढची दोनशे वर्षं कारागीर याच वाटेनं गेले. १९५७ साली पियाजेचं '९पी' हे चावीचं यंत्र २ मिमीवर आलं, आणि लग्नाच्या सुटावर घालायचं चपटं घड्याळ ही कल्पना तिथून पक्की झाली.

पण मजला काढला की त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. चावीच्या घड्याळातली ताकद एका गुंडाळलेल्या पोलादी पट्टीत असते. पट्टीची उंची निम्मी केली की तिचा जोरही निम्मा होतो. त्या तुटपुंज्या जोरावर बॅलन्स व्हील झुलवायचं म्हणजे घर्षणाला अजिबात जागा नको. साध्या घड्याळात तेल थोडं घट्ट झालं तरी वर्षभर ते निभावून नेतं. चपटं घड्याळ आधी मागे पडू लागतं आणि मग थांबतं. शिवाय प्रत्येक चाकाच्या आसाला वर-खाली हलायला जी मोकळीक लागते, तीही मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांवर येते. स्क्रू जरा जास्त आवळला तर पट्टी वाकते, मोकळीक संपते, चाक अडकतं. माणसाचा केस या फटीपेक्षा जाड असतो.

क्वार्ट्झ आल्यावर स्प्रिंगचा प्रश्न सुटला आणि शर्यत पुन्हा पेटली. १९७८ साली जपानच्या सिटिझननं एक मिमीहून कमी जाडीचं यंत्र बाजारात आणलं. हीच सिटिझन १९६१ पासून इथे बंगळूरच्या एचएमटीला घड्याळं बनवायला शिकवत होती, हे आपल्याकडे फार कुणी जोडून पाहत नाही. स्विस लोकांनी १९७९ साली उत्तर दिलं ते 'डेलिरियम'नं: सगळं घड्याळ मिळून १.९८ मिमी. त्यांनी शेवटचा मजलाही काढला होता. यंत्राचा पाया आणि घड्याळाचं मागचं झाकण हे दोन वेगळे पत्रे ठेवलेच नाहीत. झाकणावरच चाकं बसवली. त्यानंतरची एक आवृत्ती एक मिमीच्याही आत गेली, आणि मनगटावर पट्टा आवळला की तिचं झाकण वाकून यंत्र बिघडायची भीती होती. याच बांधणीतून पुढे १९८३ साली स्वस्त प्लॅस्टिकचं स्वॉच निघालं. ते तर उघडून दुरुस्त करायचंच नाही, टाकून द्यायचं. सर्वांत उंची घड्याळ आणि सर्वांत स्वस्त घड्याळ, दोघांचा आतला आराखडा एकच निघावा, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

होसूरच्या मंडळींचा प्रश्न थोडा वेगळा होता. त्यांतले कित्येकजण एचएमटीतूनच आलेले. झर्झिस देसाई हे टायटनचे कर्ते, आणि चपटं घड्याळ हवंच हा आग्रह त्यांचा. घड्याळ भारतात वापरायचं म्हणजे घाम आणि पाऊस आलाच, तेव्हा ते ३० मीटर पाण्याच्या दाबाला टिकायला हवं होतं. यंत्राचे १.१५ मिमी वजा केले की उरतात २.३५ मिमी. त्यात काच, काचेखालची मोकळी जागा, दोन काटे, तबकडी आणि मागचं झाकण. ३० मीटरचा दाब म्हणजे ३ सेंमी रुंदीच्या काचेवर सुमारे २१ किलोचं ओझं. आणि पत्र्याचा एक हट्टी नियम आहे: जाडी निम्मी केली तर तो त्याच ओझ्याखाली दुप्पट नाही, आठपट वाकतो. वाकलेली काच काट्याला टेकली की घड्याळ बंद. म्हणून 'एज'ला सेकंद-काटा नाही. लोकांना ती शोभेची साधेपणाची निवड वाटते. प्रत्यक्षात तिसरा काटा म्हणजे आणखी एक मजला.

आमच्या घराजवळच्या घड्याळवाल्यांकडे मी एकदा असंच एक चपटं घड्याळ नेलं होतं. अधूनमधून थांबायचं. नवा सेल घालून झाला होता. त्यांनी ते उघडलंच नाही. "मॅडम, थांबतं तेव्हा किती वाजलेले असतात, ते आठवडाभर लिहून आणा," म्हणाले, अर्धं कन्नडमध्ये, अर्धं हिंदीत. मी लिहून नेलं: एक वाजून पाच, तीन वाजून सोळा, पुन्हा एक वाजून पाच. त्यांनी मान हलवली. हे आकडे म्हणजे मिनिट-काटा तास-काट्यावरून जातो ती वेळ. दोन काटे एकमेकांना घासत होते. घड्याळ भलत्याच वेळी थांबलं असतं तर संशय यंत्रावर किंवा कॉइलवर गेला असता. सेल बदलताना कुणीतरी झाकण अंगठ्यानं दाबून बसवलं असावं, असा त्यांचा अंदाज. जाड घड्याळात ते चालून जातं, इथे काचेतून जोर थेट आत पोचतो.

काटा चिमट्यानं केसभर वर उचलणं हे काम पाच मिनिटांचं, आणि त्याचे त्यांनी फारसे पैसे घेतले नाहीत. महाग असतं ते याच्या पुढचं. चपट्या यंत्राचे भाग दुसऱ्या कुठल्या यंत्राला बसत नाहीत, म्हणून बाजारात सुटे मिळत नाहीत. ते कंपनीकडूनच यावे लागतात. क्वार्ट्झ असेल तर बहुतेक वेळा भाग न बदलता सगळं यंत्रच बदलतात, कारण हाताळताना दुसरं काहीतरी वाकण्याची जोखीम भागाच्या किमतीपेक्षा मोठी असते. चावीचं असेल तर बदलण्यापेक्षा जुळवण्यात वेळ जातो. एक नवं चाक बसवलं की त्याची मोकळीक तपासायची, पट्टी काढून रत्न अंशभर सरकवायचं, पुन्हा बसवून पाहायचं. साध्या घड्याळात जे एकदा होतं ते इथे चार-पाच वेळा. बिल त्या तासांचं असतं. मग पाण्याची चाचणी वेगळीच.

मी विचारलं, तुम्ही स्वतः कुठलं घालता? त्यांनी बाही वर केली. जुनं, चांगलं जाडजूड एचएमटी.